अन्न, अन् की इन्न? अरबीतली पुन्हा पुन्हा होणारी चूक कशी शोधायची

रविवारच्या अरबी वर्गातल्या वह्या तपासताना माझ्या लाल पेनाची निम्मी शाई एकाच जागी संपते. मराठीत आपण जिथे 'की' म्हणतो, तिथे अरबीत तीन वेगळे शब्द आहेत: अन्न, अन् आणि इन्न. विद्यार्थी यातला हाताला लागेल तो उचलतो आणि पुढच्या नामाला अंदाजाने 'उ' किंवा 'अ' लावतो. वर्षभर शिकलेल्यांचंही हेच होतं, कारण चूक पाठांतराची नसते. आपल्या 'की'ने तिन्ही कामं एकट्याने सांभाळलेली असतात, त्यामुळे ती कामं वेगळी आहेत हेच कधी लक्षात आलेलं नसतं.

आधी लिपीबद्दल दोन शब्द. 'अन्न' असं लिहिलं की ताट आठवतं, पण त्याला इलाज नाही. शेवटचा 'अ' गिळायचा नाही, स्पष्ट म्हणायचा, हे दाखवायला मी नामांना आणि क्रियापदांना ऽ असं चिन्ह लावतो. 'तालिबु' म्हणजे विद्यार्थी, प्रथमेत. 'तालिबऽ' म्हणजे तोच विद्यार्थी, द्वितीयेत. नाम अनिश्चित असेल तर शेवटी 'उन्' किंवा 'अन्' येतं. संस्कृत शिकलेल्यांनी रामः आणि रामम् आठवावं, जागा तीच आहे.

मूळ वाक्य घेऊ या:

अत्-तालिबु मरीदुन्. (विद्यार्थी आजारी आहे.)

दोन्ही शब्द प्रथमेत. 'आहे'साठी वेगळं क्रियापद नाही. आता हेच वाक्य तिघांच्या हाती देऊ.

इन्न अत्-तालिबऽ मरीदुन्. (विद्यार्थी आजारी आहे, खरंच.)

बलग़नी अन्न अत्-तालिबऽ मरीदुन्. (विद्यार्थी आजारी असल्याचं मला कळलं.)

उरीदु अन् युसाफिरऽ अत्-तालिबु. (विद्यार्थ्याने प्रवास करावा, अशी माझी इच्छा आहे.)

पहिल्या दोन वाक्यांत नाम द्वितीयेत गेलं, पण त्याच्याबद्दल जे सांगितलं तो 'मरीदुन्' प्रथमेतच राहिला. तिसऱ्यात नाम मुळात अन्‌च्या शेजारी नाहीच. शेजारी क्रियापद आहे, अन्‌ने बदल केला तो त्याच्यात: 'युसाफिरु'चं 'युसाफिरऽ' झालं. नाम क्रियापदाच्या मागे निवांत प्रथमेत उभं आहे. 'अन्‌नंतर नामाची विभक्ती कोणती?' हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. त्याचं उत्तर असं, की अन् नामाला हातच लावत नाही. नाम कर्ता असेल तर 'उ', कर्म असेल तर 'अ'. ते ठरवतं क्रियापद.

मग कुठला शब्द कुठे, हे ओळखायचं कसं? यासाठी मराठीच कामाला येते. वाक्यातला 'की' काढून टाका आणि तेच वाक्य मराठीत 'की'शिवाय म्हणून पाहा. 'मला कळलं की विद्यार्थी आजारी आहे' याचं 'विद्यार्थी आजारी असल्याचं मला कळलं' होतं. वर्तमानपत्रातली 'असल्याचं' ही घडण म्हणजेच अन्न. अरबी व्याकरणकारही हेच सांगतात: अन्न पुढच्या अख्ख्या वाक्याची मोट बांधून त्याचं एक नाम करतो. म्हणूनच अन्न वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकत नाही. नुसतं 'विद्यार्थी आजारी असल्याचं' म्हणून कुणी थांबलं तर आपण पुढच्या शब्दाची वाट पाहतो. नुसतं 'अन्न अत्-तालिबऽ मरीदुन्' ऐकून अरबही तशीच वाट पाहील.

'मला हवंय की विद्यार्थ्याने जावं' यात मात्र 'असल्याचं' बसत नाही. तिथे 'जावं' आहे, किंवा 'जायला हवं', 'जाणं शक्य आहे', 'जाण्यापूर्वी' अशी रूपं आहेत. मराठी क्रियापद 'आहे-होता'ची जमीन सोडून 'आवं'कडे वळलं, की अरबीत अन् आणि त्याला चिकटून क्रियापद. उरीदु अन् (मला हवंय), युम्किनु अन् (शक्य आहे), क़ब्लऽ अन् (पूर्वी) ही सगळी याच घरातली. एकाच 'वाटतं'चे दोन रस्ते इथे लख्ख दिसतात. 'तो आजारी असावा असं मला वाटतं' हा अंदाज आहे, तिथे अझुन्नु अन्न. 'त्याने यावं असं मला वाटतं' ही इच्छा, तिथे उरीदु अन्. अंदाजाच्या वाक्यातही 'असावा' येतो हे पाहून गोंधळू नका. त्याच्या जागी 'आहे' घालून पाहा. 'तो आजारी आहे असं मला वाटतं' हे चालतं. 'त्याने येतो असं मला वाटतं' हे चालत नाही.

ही कसोटी एका ठिकाणी फसते, आणि तिथे ती हमखास फसते. 'तू येशील अशी आशा आहे', 'मी पडेन अशी भीती वाटते'. मराठी इथे साधा भविष्यकाळ वापरते, अरबी मात्र आशेला आणि भीतीला इच्छेच्याच रांगेत बसवते: अर्जू अन्, अख़ाफ़ु अन्. ही दोन क्रियापदं वेगळी पाठ करा. कसोटीच्या जिवावर इथे जाऊ नका.

राहिला इन्न. जिथे नवं, स्वतंत्र वाक्य सुरू होतं तिथे तो. वाक्याच्या तोंडाशी इन्न असतो हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण येते ती 'क़ालऽ' म्हणजे 'म्हणाला' या क्रियापदानंतर. मराठीत 'तो आजारी असल्याचं म्हणाला' हे बिनधास्त चालतं, म्हणून हात आपोआप अन्नकडे जातो. अरबीत मात्र 'क़ालऽ'नंतर जणू अवतरणचिन्ह उघडतं. माणूस जे बोलला ते वाक्य जसंच्या तसं मांडलं जातं, आणि जसंच्या तसं म्हणजे सुरुवातीपासून. म्हणून क़ालऽ इन्न. कळवणं, ऐकणं, समजणं या क्रियापदांनंतर अन्न आणि 'म्हणाला'नंतर इन्न, ही विभागणी पक्की करा. 'वल्लाहि' अशी शपथ घेऊन पुढे बोलताना बहुधा इन्नच येतो, कारण तिथेही वाक्य नव्याने सुरू होतं.

आता एक वही उघडून दाखवतो. आखातात साइटवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने सरावासाठी कार्यालयाला लिहायची चिठ्ठी आणली होती. मजकूर असा: 'मी कळवतो की मॅनेजर गैरहजर आहेत. ते म्हणाले की रस्ता लांब आहे. मला हवंय की इंजिनिअर यावा, कारण काम पुष्कळ आहे.' त्याने लिहिलं होतं:

उख़्बिरुकुम् अन् अल्-मुदीरु ग़ाइबन्.
क़ालऽ अन्न अत्-तरीक़ऽ तवीलुन्.
उरीदु अन्न अल्-मुहन्दिसऽ यह्दुरु, लि-अन्न अल्-अमलु कसीरुन्.

पहिली ओळ. 'उख़्बिरुकुम्' म्हणजे तुम्हाला कळवतो, आणि 'मॅनेजर गैरहजर असल्याचं कळवतो' हे मराठीत सहज बसतं. तेव्हा इथे अन्न हवा. शेजारी अल्-मुदीर हे नाम आहे, हा दुसरा पुरावा. विभक्ती त्याने नेमकी उलटी लावली: नामाला उ आणि गैरहजरीला अन्. ही उलटापालट कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण माझीही व्हायची. अरबीत 'कानऽ' म्हणजे 'होता' हे क्रियापद बरोबर असंच करतं: कानऽ अल्-मुदीरु ग़ाइबन्, मॅनेजर गैरहजर होते. इन्न-अन्न त्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. कानऽ पहिल्याला सोडतं आणि दुसऱ्याला द्वितीयेत नेतं. इन्न पहिल्याला नेतं आणि दुसऱ्याला सोडतं. दोन्ही धडे बहुतेक पुस्तकांत पाठोपाठ येतात, म्हणून डोक्यात गुंततात. दुरुस्त ओळ: उख़्बिरुकुम् अन्न अल्-मुदीरऽ ग़ाइबुन्.

दुसऱ्या ओळीत विभक्ती दोन्ही ठिकाणी बरोबर आहे. चुकला फक्त शब्द. क़ालऽ आहे, म्हणून इन्न अत्-तरीक़ऽ तवीलुन्.

तिसरी ओळ खरी शिकण्यासारखी आहे. मराठीत 'की इंजिनिअर यावा' असा क्रम असतो, म्हणून त्याने नाम आधी ठेवलं. मग नामाशेजारी अन्न हवा, एवढं आठवून अन्न लिहिला. प्रत्येक पाऊल तर्काला धरून होतं आणि तरी वाक्य कोसळलं. इच्छेच्या क्रियापदानंतर अन् येणार, आणि अन् आणि क्रियापद यांच्यामध्ये कर्त्याला शिरकाव नाही. तेव्हा आधी क्रियापद, मग नाम: उरीदु अन् यह्दुरऽ अल्-मुहन्दिसु. इथे मराठी आणखी एक खोडी काढते. 'इंजिनिअरने यावं' असंही आपण म्हणतो, आणि त्या 'ने'मुळे मनात ठसतं की कर्त्याला काहीतरी झालंय. अरबीत त्याला काहीही झालेलं नाही, तो 'उ'वरच आहे.

त्याच ओळीतलं 'लि-अन्न', म्हणजे 'कारण'. यात अन्न लपला आहे, म्हणून पुढचं नाम द्वितीयेत: लि-अन्न अल्-अमलऽ कसीरुन्. काही हुशार विद्यार्थी इथे 'लि' हे शब्दयोगी अव्यय पाहून नामाला 'इ' लावतात, कारण लि, बि, फ़ी यांच्यापुढे नाम 'इ'वर संपतं हे त्यांनी शिकलेलं असतं. पण 'लि'चा ताबा आहे तो अन्नने बांधलेल्या अख्ख्या मोटेवर. आतल्या नामावर ताबा अन्नचाच. 'काम पुष्कळ असल्या-मुळे' यातला 'मुळे' जसा 'काम'ला न लागता 'असण्या'ला लागतो, तसंच हे.

चिठ्ठी दुरुस्त करून परत दिली. पुढच्या रविवारी त्याने आणखी एक ओळ जोडून आणली होती: इन्न अल्-मुदीरऽ कानऽ मरीदुन्. मॅनेजर आजारी होते. नियम लागू केल्याचा आनंद चेहऱ्यावर होता आणि मला तो मोडावा लागला. इथे मरीदन्‌च हवं. इन्नच्या मागे आता 'मरीद' एकटा नाही, 'कानऽ मरीदन्' असं एक पूर्ण वाक्य आहे, आणि त्या आतल्या वाक्यात कानऽचं राज्य आहे. तेव्हा दोन्ही शब्द 'अ'वर दिसले की लगेच चूक समजू नका. आधी मध्ये 'कानऽ' बसलंय का ते पाहा.

अशीच आणखी एक फसवी जागा आहे. इन्न फ़िल्-मक्तबि मुहन्दिसन्, म्हणजे कार्यालयात एक इंजिनिअर आहे. इन्नच्या लगेच पुढचं नाम 'मक्तब', पण ते फ़ी मुळे 'इ'वर आहे. इन्नचं नाम पुढे ढकललं गेलंय, आणि तिथे जाऊनही ते द्वितीयेतच आहे. इन्न शेजारच्या शब्दाला धरत नाही. ज्याच्याबद्दल सांगायचंय, त्याला शोधून धरतो.

कानाला सवय लावायची असेल तर एक नमुना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत अज़ान दिवसातून पाच वेळा कानावर पडते. तिच्यात 'अश्हदु अन्न मुहम्मदर्-रसूलुल्लाह' अशी ओळ आहे. कलम्यात मात्र 'मुहम्मदुर्-रसूलुल्लाह' असतं. एके ठिकाणी 'दर्', दुसरीकडे 'दुर्'. मूळ रूपं मुहम्मदन् आणि मुहम्मदुन्. शेवटचा न् पुढच्या र मध्ये मिसळला. कलम्यात ते सरळ वाक्य आहे म्हणून प्रथमा, अज़ानीत आधी अन्न आला म्हणून द्वितीया. 'रसूलु' दोन्हीकडे तसाच. यावरून अरबीत एक जुना किस्सा सांगतात. एका मुअज़्ज़िनने चुकून 'रसूलऽ' म्हटलं. ऐकणारा वाळवंटातला बदू थांबून म्हणाला, "बरं, मग तो काय करतो?" त्याच्या कानाला 'मुहम्मद, अल्लाहचे रसूल,' एवढंच ऐकू आलं, आणि सांगायची गोष्ट पुढे येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. दुसऱ्या शब्दाचा 'उ' चुकला की वाक्य असं अधांतरी राहतं.

ही 'अश्हदु'ची ओळ पाठ झाली की लोक एक आयत घेऊन येतात आणि विचारतात, मग इथे असं का? कुराणाच्या 63व्या सूऱ्याच्या पहिल्याच आयतीत तेच क्रियापद आहे, पण पुढे 'नश्हदु इन्नकऽ ल-रसूलुल्लाह'. साक्ष देणं तेच, तरी अन्नऐवजी इन्न. गुन्हेगार आहे तो मधला छोटा 'ल'. हा जोर देणारा 'ल' स्वतंत्र वाक्यातच शोभतो, मोट बांधलेल्या वाक्यात त्याला जागा नाही. तो आला की आधीच्या क्रियापदाची पकड सुटते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं होतं, म्हणून इन्न. त्याच आयतीच्या शेवटी 'इन्नल्-मुनाफ़िक़ीनऽ ल-काज़िबूनऽ' येतं. तिथे अनेकवचनात 'ईनऽ' म्हणजे द्वितीया आणि 'ऊनऽ' म्हणजे प्रथमा, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. वाचताना 'ल' दिसला की मागे वळून इन्न आहे ना, एवढं तपासा.

अज़ानीत याच्या आधी 'अश्हदु अल्ला इलाहऽ' असंही येतं, म्हणजे 'अन् ला'. इथे अन्‌नंतर क्रियापद नाही, मग माझा नियम मोडला का? हा अन् वेगळा आहे. तो अन्नच आहे, फक्त शेवट गळून हलका झालेला. जाणणं, साक्ष देणं अशा खात्रीच्या क्रियापदांनंतर तो येतो, आणि 'इलाहऽ'चा 'अ' त्याचा नसून 'ला'चा आहे. 10व्या सूऱ्याच्या 10व्या आयतीत त्याच्या पुढे चक्क नाम आहे, 'अनिल्-हम्दु लिल्लाहि', आणि ते प्रथमेत. अन्‌पुढे नाम प्रथमेत दिसलं तर असा हलका झालेला अन्न असू शकतो. वाचताना ओळखा, स्वतः लिहिताना वर्षभर तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

छापील मजकुरात आणखी एक पंचाईत होते. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, द्वित्ताची खूणही गाळतात. त्यामुळे अन् आणि अन्न पानावर हुबेहूब एकच दिसतात. इन्न तेवढा वेगळा कळतो, कारण त्याच्या अलिफाची हम्ज़ा खाली असते आणि इतर दोघांची वर. घाईत टाइप केलेल्या मेसेजमध्ये तीही नसते. तेव्हा पुढचा शब्द पाहा. क्रियापद असेल तर अन्; नाम किंवा चिकटलेलं सर्वनाम असेल तर अन्न. याच कारणाने अन्नपुढे थेट क्रियापद ठेवता येत नाही. 'तो गेल्याचं कळलं' लिहायचं असेल तर मध्ये सर्वनाम घालावंच लागतं: बलग़नी अन्नहु साफ़रऽ. ते 'हु'ही चिकटूनच. 'अन्न हुवऽ' असं तोडून लिहिणारे माझ्या वर्गात दरवर्षी दोघे-तिघे तरी असतात.

अनेकवचनी क्रियापद असेल तर अन्‌ची खूण पानावरही उमटते: युसाफिरूनऽ मधला 'नऽ' गळून युसाफिरू उरतं. नामांच्या बाबतीत 'ऊन' की 'ईन' हा फरक अक्षरांत दिसतो, आणि 'रजुलन्' सारख्या अनिश्चित नामांना शेवटी अलिफ लागतो. स्त्रीलिंगी अनेकवचन तेवढं दगा देतं: मुअल्लिमात, म्हणजे शिक्षिका, द्वितीयेतही 'इ'च घेतात. इन्न अल्-मुअल्लिमाति हादिरातुन् बरोबर आहे, तो 'ति' खोडू नका.

शेवटचा एक अपवाद, कारण त्यावर प्रश्न हमखास येतो. 'इन्नमा', म्हणजे 'केवळ', यात इन्न दिसतो, पण मागे लागलेल्या 'मा'ने त्याचे दात काढून घेतले आहेत. इन्नमल्-अअ्मालु बिन्-निय्यात, कर्मं हेतूवरच ठरतात, या प्रसिद्ध हदीसेत 'अअ्मालु' प्रथमेत आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे 'अअ्मालऽ' लिहून समासात 'इन्नमुळे' असं कारणही दिलं होतं. तिला मी अर्धा गुण दिला.